दारू कालची, आंधळेपण आजचं

मुंबईच्या मालाडमधली मालवणी आठवा. जून २०१५. तिथल्या झोपडपट्टीत हातभट्टीच्या नावाखाली मिथेनॉल विकलं गेलं आणि शंभरावर माणसं मेली. सगळी हातावर पोट असलेली. २०२४ साली कोर्टात चौघं दोषी ठरले, दहा सुटले. लोक म्हणतात, दारूनं मेली. साफ खोटं. दारूत असतं ते इथेनॉल. मिथेनॉल म्हणजे रंग-वार्निशच्या धंद्यातलं रसायन, दारूपेक्षा स्वस्त. गोदीतल्या विषारी मालाच्या पिंपावर कवटी छापलेली असते. दारूच्या पिशवीवर कोण छापणार? रंग, वास, चव यांवरून प्यायलेल्याला काहीच कळत नाही.

वाशिमच्या दोस्तांनो, रिसोड-मानोऱ्याकडं उद्या असं घडलं तर गाव म्हणेल, चढलीय, झोपू द्या. माणूस तिथंच मरतो. कारण मिथेनॉल लगेच मारत नाही. लिव्हर त्याचं हळूहळू फॉर्मिक ॲसिड करतं, आणि हे ॲसिड डोळ्यामागची नस जाळतं. त्याला बारा ते चोवीस तास लागतात. सोबत खरी दारूही पोटात असेल तर जास्त. म्हणून आदल्या रात्री प्यायलेला सकाळी चांगला उठतो, दुपारी पोट धरून ओकतो, धाप लागते आणि म्हणतो, समोर धुकं दिसतंय, बर्फ पडल्यागत पांढरं. ही नशा नव्हे, उतरलेल्या दारूचा त्रासही नव्हे. दारूच्या उतारानं नजर जात नाही.

ह्याच तासांत डोळे वाचवता येतात. दवाखान्यात फोमेपिझोल देतात. ते नसेल तर शुद्ध इथेनॉल, मोजून. गंमत वाटेल, पण कारण सरळ आहे: लिव्हर आधी इथेनॉलला हात घालतं, मिथेनॉल तसंच पडून राहतं, त्याचं ॲसिड होत नाही. रक्तात आधीच झालेल्या ॲसिडवर सोडा-बायकार्ब शिरेतून देतात आणि डायलिसिसनं विष बाहेर काढतात. आता कुणी शहाणा घरीच क्वार्टर पाजायला निघेल. नको. माप चुकतं, ओकारी छातीत जाते, शिवाय ती बाटलीही त्याच गुत्त्याची असली तर?

एकदा नस जळून गेली की औषध तिला परत आणत नाही. काहींची नजर थोडी सुधारते, काहींना काठीच उरते. म्हणून धुकं दिसायची वाट बघू नका. एकाच गुत्त्यावर प्यायलेले दोघं-तिघं ओकायला लागले की १०८ लावा, सगळ्यांना उचला. ज्याला अजून काहीच होत नाही त्यालाही, कारण त्याचंच सगळं वाचायचं बाकी असतं. डायलिसिस कुठं आहे हे आधी विचारा, नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यातून पुढं धाडण्यातच दुपार जाते.

पोलिसाच्या भीतीनं बायको सांगते, शिळं खाल्लं. मग डॉक्टर सलाईन लावून घरी पाठवतो. त्याला तोंडावर सांगा: हातभट्टीची प्यायलाय, काल रात्री नऊला, एवढी. उरलेली पिशवी सोबत न्या.