तीन शब्दांचा निरोप

घराघरातल्या व्हॉट्सॲप गटांवर हल्ली एक वेगळाच निरोप येऊ लागला आहे. ना सलाम, ना ख्यालीखुशाली, ना प्रश्न. एखाद्या गाण्यातले तीन-चार शब्द किंवा सिनेमातल्या संवादाचा तुकडा तेवढा टाकलेला असतो. वाचणाऱ्याने त्याचे काय करायचे?

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. रेडिओ सिलोनला किंवा विविध भारतीला फर्माईश पाठवायची म्हणजे पोस्टकार्डावर गाणे, सिनेमा आणि पाठवणाऱ्यांची नावे लिहावी लागत. झुमरीतलैयासारखे लहान गाव अशा कार्डांमुळेच देशभर ठाऊक झाले. कार्ड वाचणाऱ्याला एवढे तरी पक्के माहीत असे की समोरच्याला गाणे ऐकायचे आहे. मोबाईलवर शब्द तेवढे येतात, फर्माईश गळून पडते.

आम्ही असे बरेच निरोप पाहिले. त्यामागे साधारणपणे चारच इच्छा दिसतात. गाणे कोणते ते हवे असते, किंवा पुढची ओळ म्हणून कोणीतरी भेंड्या खेळाव्यात असे वाटत असते. कधी शब्द शोधायच्या चौकटीत टाकायचे असतात आणि चुकून गटात पडतात. चौथी इच्छा अशी की जे स्वतःच्या तोंडाने बोलवत नाही ते गाण्याच्या तोंडून बोलायचे असते. पहिल्या तिन्हींत चूक झाली तर फार तर हसू होते. चौथी ओळखता आली नाही तर माणूस एकटा पडतो.

ओळखायची पहिली खूण म्हणजे शब्द गाण्यात कुठले आहेत. गाण्याला आपण मुखड्याने ओळखतो आणि यूट्यूबवरही ते बहुधा मुखड्याच्याच नावाने असते. कोणी मुखडा लिहिला तर त्याला गाणे ठाऊक आहे, म्हणजे तो भेंड्या तरी खेळतो आहे किंवा काही सांगतो आहे. अंतऱ्यातले शब्द आले तर दोन शक्यता उरतात. मुखडा आठवत नसेल, नाहीतर नेमकी तीच ओळ काळजाला लागली असेल.

दुसरी खूण आम्हाला जास्त भरवशाची वाटते. त्या ओळीतला ‘तू’ किंवा ‘तुम’ कोण आहे ते बघावे. गाण्यात कोणी कोणाशी तरी बोलत असते. ते नाते पाठवणारा आणि वाचणारा यांच्यात बसते का? भाच्याने मामूंना प्रेयसीचे गाणे पाठवले तर त्याला गाण्याचे नाव हवे आहे, दुसरे काय!

कोकणातल्या एका घरातली हकिकत सांगतो. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. एका दुपारी तिने माहेरच्या गटात तीन शब्द टाकले. अमीर खुस्रोंच्या नावाने चालत आलेले बिदाईचे गीत आहे, 1981 च्या ‘उमराव जान’मध्ये खय्याम यांच्या संगीतात जगजीत कौर यांनी गायलेले. त्या गीतात मुलगी बापाला विचारते की भावांना महाल दिलेत आणि मला परका मुलूख का? त्या तक्रारीतले ते शब्द. पाच मिनिटांत मामूंनी पुढची ओळ लिहिली, चाचींनी हसरे चेहरे टाकले, चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. मुलगी गप्प.

फुफूंच्या मात्र लक्षात आले. निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का नव्हता आणि स्पेलिंग मुलगी नेहमी करते तसेच होते, म्हणजे शब्द तिने स्वतः टाईप केलेले. गीतातला बाप गटातही होता. आणि गाणे हवे असते तर व्हिडिओ मिळाल्यावर तिने शुक्रिया तरी लिहिले असते. फुफूंनी गटात काही न लिहिता फोन लावला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाल्या, “बेटा, गाणं मिळालं का, की काही बोलायचं होतं?”

हा प्रश्न आम्हाला फार आवडला. ज्याला खरेच गाणे हवे होते त्याला तो टोचत नाही, आणि ज्याला बोलायचे होते त्याला दार उघडे होते. मुलगी म्हणाली, ईदला माहेरी यायचे ठरले होते ते रद्द झाले. सासरी त्रास काही नाही, पण अब्बांना सरळ सांगितले तर ते तक्रार समजतील आणि जावयाशी वाद घालतील. संध्याकाळी फुफू भावाशी बोलल्या. अब्बांनी वाद घातला नाही. जावयाला फोन करून दोघांनाही आठ दिवसांसाठी बोलावले.

उलटही घडते. एका चाचींनी रात्री साडेअकराला उदास शब्द टाकले आणि निम्मे घर जागे झाले. त्यांना रेडिओवर ऐकलेले गाणे हवे होते! खूण समोरच होती. शेवटी प्रश्नचिन्ह होते आणि एक शब्द चुकीचा ऐकलेला होता. ज्याला त्या ओळीतून काही सांगायचे असते त्याला ती बहुधा नीट पाठ असते.

चुकीचे ऐकणे आपल्या भागात जास्त, कारण जुन्या गाण्यांतली उर्दू मराठी कानावर पडते. ‘शब’ म्हणजे रात्र, तिचे ‘सब’ होते. पहाटवारा ‘सबा’, त्याची ‘सभा’ भरते. ‘ख़ार’ म्हणजे काटा, पण आपल्याला झाडावरची खार दिसते. म्हणून गाणे शोधताना घरातल्या उर्दू जाणणाऱ्याला आधी विचारावे. मग दिल, प्यार असे हजार गाण्यांत येणारे शब्द सोडून त्यातला दुर्मीळ शब्द पकडावा, शब्द अवतरणचिन्हांत घालून पुढे lyrics लिहावे. नाही सापडले तर चिन्हे काढावीत, स्पेलिंग बदलून बघावे, gam चे gham करावे, देवनागरीतही लिहून बघावे. अंतऱ्याचे शब्द यूट्यूबवर सहसा सापडत नाहीत, पूर्ण गीत छापलेल्या पानांवर सापडतात. शब्द आठवत नसून चाल आठवत असेल तर गूगलच्या ॲपवर गुणगुणूनही शोधता येते. पाठवणाऱ्यालाही विचारावे, आवाज बाईचा की पुरुषाचा, आणि गाणे कुठे ऐकले.

संवादांचे जरा वेगळे. ‘शोले’चे संवाद तर तबकडीवर निघाले होते आणि लोक ते गाण्यासारखे पाठ करत. संवादाला समोरून उत्तर असते, त्यामुळे मुले एक तुकडा टाकून दुसऱ्याची वाट बघतात. त्यात बहुधा मस्तीच असते. फक्त रोज मस्ती करणारा मुलगा निकालाच्या दिवशी हरलेल्या माणसाचा संवाद टाकून गप्प झाला, तर त्याला जोडीचा संवाद पाठवू नये, जेवायला हाक मारावी.

एका बाबतीत मात्र खुणा बघत बसू नये. शब्द मरणाचे असतील, निरोप घेण्याचे असतील, आणि माणूस आधीच काही दिवस गप्प असेल, तर लगेच फोन करावा. उचलला नाही तर शेजाऱ्याला त्याच्या दारात पाठवावे. गाणेच हवे होते असे निघाले तर गाणे पाठवून झोपावे.

आणि ज्यांना खरेच फक्त गाणे हवे असते त्यांनी शब्दांच्या पुढे ‘कुठलं गाणं?’ एवढे लिहावे. चाचींनी आता ती सवय लावून घेतली आहे.