शेजारची क्रेन तुमच्या छतावरून फिरली, तर?

१९८७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजजवळ एका बांधकामावरील टॉवर क्रेनचे लांब हात शेजाऱ्यांच्या जागेवरून फिरत होते. खाली काही पडले नव्हते. तरीही न्यायालयाने बिल्डरविरुद्ध मनाई हुकूम दिला. इंग्लंडच्या कायद्यात परवानगीशिवाय क्रेनचा हात शेजाऱ्याच्या जागेवर आला, की तेच अतिक्रमण. नुकसान दाखवावे लागत नाही. खूप उंचावरून जाणाऱ्या विमानाला मात्र हा नियम लागू नाही.

बिल्डरची अडचणही खरी आहे. काम थांबल्यावर अशा क्रेनचा हात बांधून ठेवत नाहीत, वाऱ्याबरोबर मोकळा फिरू देतात. नाहीतर सोसाट्याच्या वाऱ्यात क्रेन उलटू शकते. म्हणजे चालक घरी गेला तरी हात छतावर येणारच.

१९७० च्या एका इंग्लिश खटल्यात छपराच्या सुमारे ५० फूट वरून क्रेन फिरत होती. न्यायालयाने मनाई केली, पण काम उरकेपर्यंत तिला स्थगितीही दिली. हक्क मान्य, उपयोग शून्य! १९८७ च्या न्यायाधीशांनी ही वाट धरली नाही, ते योग्यच झाले. मग शेजारी अवाच्या सवा पैसे मागतील, अशी ओरड होते. मागोत की, जागा त्यांची आहे.

तिथले बिल्डर आता क्रेन उभी करण्याआधीच शेजाऱ्याशी लेखी करार करतात. त्यात मोबदला आणि विमा ठरतो, शिवाय छतावरून ओझे न नेण्याची अटही घातली जाते.