दवाखान्याचे बारसे

आम्ही पेशाने कारकून. फाईलला नाव कसे द्यावे, म्हणजे ती दहा वर्षांनीही हाताला लागेल, एवढे शहाणपण नोकरीने आम्हांला शिकविले. त्या भांडवलावर गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक निराळेच काम आले. नांदेडची लेक आणि लातूरचा जावई, दोघेही एम.बी.बी.एस. डॉक्टर. लेकीने त्यावर बालरोगाची पदविका घेतलेली. लातुरात बार्शी रोडच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने घेऊन दोघे दवाखाना काढणार होते. खोल्या रंगवून झाल्या, टेबल-खुर्च्या आल्या, पण पाटी कोरी. "काका, नाव सुचवा. मोठ्या कंपनीच्या शाखेसारखे वाटायला नको. म्हातारीला आत यायला भीती वाटू नये, असे हवे."

घरात यादी तयार होतीच. पहिले नाव 'लाईफकेअर क्लिनिक'. वाचकहो, हे नाव वाईट नाही, पण ते कोणाचेच नाही. लाईफ, केअर, हेल्थ, प्लस हे शब्द कसेही जोडले तरी एक नाव तयार होते आणि ते लातुरात, पुण्यात किंवा हैदराबादेत सारखेच शोभते. त्यात माणूस नाही, गाव नाही, गल्ली नाही. शाखा काढणाऱ्या कंपनीला असेच नाव लागते, कारण तिला ते शंभर ठिकाणी लावायचे असते. ज्यांना एकाच ठिकाणी जन्मभर बसायचे आहे, त्यांनी ते का घ्यावे?

दुसरे नाव जावयाच्या मित्रांनी काढलेले. नवऱ्याच्या नावाची दोन अक्षरे आणि बायकोच्या नावाचे शेवटचे अक्षर जोडून एक नवे नाव. आपल्याकडे बंगल्यांना अशी नावे देण्याची हौस आहे. सुनील आणि अनिता मिळून 'सुनिता'. पण बंगल्याला कोणी हाका मारीत नाही. दवाखान्यात माणूस येऊन विचारतो, "सुनिता डॉक्टर कुठं बसतात?" आणि त्या नावाचे कोणी तिथे नसतेच. सांगणारा थकतो, विचारणारा ओशाळतो.

तिसरे नाव 'जिव्हाळा'. शब्द गोड आहे, पण आम्ही दोन कारणांनी अडलो. पहिले उच्चाराचे. नांदेड-लातूरकडे उर्दू बोलणारी घरे पुष्कळ, देगलूरकडून तेलुगू आणि उदगीरकडून कन्नड बोलणारी माणसेही येतात. 'व्हा' हे जोडाक्षर आणि त्याला लागून 'ळ', हा घास सगळ्यांच्या तोंडी सारखा बसत नाही. उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडी 'ळ' येतच नाही. दुसरे कारण अधिक मोठे. जिव्हाळा, ममता, आपुलकी ही नावे म्हणजे स्वतःच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र. पाटीवर 'जिव्हाळा' आणि आत दोन तास ताटकळत बसलेला, खेकसून बोलावला गेलेला रुग्ण! नाव तेव्हा टोचू लागते. ऊब रुग्णाने सांगायची असते, आपण पाटीवर रंगवायची नसते.

चौथे नाव मुलीच्या आईचे, 'जीवक'. तथागतांची आणि भिक्खुसंघाची शुश्रूषा करणारा, तक्षशिलेत शिकलेला हा वैद्य आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. नाव छोटे, अर्थ भरलेला. पण आपल्या समाजात ते अनेकांना सुचलेले आहे आणि एकाच शहरात एका नावाचे दोन दवाखाने झाले की घोटाळा होतो. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याच दवाखान्यात जातो, औषध दुकानदार चिठ्ठी घेऊन भलत्याच ठिकाणी फोन करतो. आम्ही जावयाला सांगितले, आधी शहरात दोन दिवस हिंडून औषध दुकाने आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा यांना विचारून या. हे नाव लातुरात आधीच आहे, असे कळले तेव्हा आईंनी स्वतःच ते मागे घेतले.

इथे आम्हांला गडचिरोलीची गोष्ट आठवली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे डॉक्टर दांपत्य 1986 साली तिथे गेले. पुढे रुग्णालय उभारायचे ठरले, तेव्हा त्यांनी नाव आपल्या डोक्यातून काढले नाही. आदिवासींनाच विचारले, तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही, आणि तुमचा दवाखाना कसा हवा? उत्तरे अशी आली की मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, नातेवाईकांना जवळ राहू देत नाहीत. म्हणून शोधग्रामात त्यांच्या घरांसारख्या झोपड्यांचे रुग्णालय बांधले आणि लोकांच्याच सांगण्यावरून त्यांच्या देवीचे नाव दिले, 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. हे 1993 सालचे. आता लातुरात देवीचे नाव उचलून लावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमच्या दारी सर्व धर्मांची माणसे येणार. घ्यायची आहे ती रीत. नाव विचारून आले आणि त्या नावाला शोभेल असे घर मागून उभे राहिले. घर तसे नसते तर नाव फुकट गेले असते.

मग आम्हीही विचारले. लेक डॉक्टर झाल्यावर दोन वर्षे नांदेडला वडिलांच्या घराच्या ओसरीत रुग्ण तपासायची. लोक त्या जागेला काय म्हणायचे? ती हसून म्हणाली, "लिंबाचा दवाखाना. दारात कडुलिंब होता ना." पाटी तेव्हाही वेगळी होती, पण कोणी वाचलीच नव्हती. योगायोग असा की लातूरच्या नव्या जागेसमोरही एक जुना लिंब उभा आहे. रुग्ण सावलीला त्याच्याखालीच थांबणार.

जावयाने शंका काढली, तीही खरी. "काका, लिंब म्हटले की लोकांना जडीबुटीचे वाटेल. शिवाय उद्या रस्ता रुंद झाला आणि झाड गेले तर?" पहिल्या शंकेचे उत्तर पाटीच्या दुसऱ्या ओळीत आहे, तिथे पदव्या येणार. दुसऱ्या शंकेला आम्ही म्हणालो, झाड गेले तरी नाव राहते. आपल्या गावोगावी वड नसलेल्या 'वडाच्या' गल्ल्या आहेतच. पण खात्री म्हणून परीक्षा घेतली. लातूरच्या बसस्थानकावर जाऊन आम्ही सहा रिक्षावाल्यांना गर्दीत एकेकदाच नाव सांगितले आणि परत म्हणायला लावले. 'लाईफकेअर'चे दोघांनी 'लाईफलाईन' केले. 'लिंबाचा दवाखाना' सहाही जणांनी जसेच्या तसे म्हटले. एक उर्दू बोलणारा चालक म्हणाला, "नीमवाला दवाखाना ना?" त्याने भाषांतर करून दिले, पण पत्ता चुकला नाही.

'दवाखाना' हा शब्द आम्ही हट्टाने ठेवला. दवा अरबीतून आलेला, खाना फारसीतून. निजामाच्या राज्यात, म्हणजे 1948 पर्यंत, मराठवाड्याच्या कानांनी तोच ऐकला. 'हॉस्पिटल' मात्र लावू नये असे सांगितले. त्यात मोठेपणा वाटतो, पण लोक रात्री अडलेली बाई घेऊन येतात आणि तिथे खाट नसते. जिथे रुग्ण दाखल करतात तिथे 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंद लागते. यांच्याकडे खाटा नाहीत, तर शब्दही नको.

खरी खडाजंगी दुसऱ्या ओळीवर झाली. वैद्यकीय व्यवसायाच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने अवाढव्य पाटी लावू नये, आणि पाटीवर आपले नाव, मान्य पदव्या, विशेष विषय आणि नोंदणी क्रमांक यापलीकडे काही लिहू नये. म्हणून वरचे नाव साधे ठेवायचे आणि 'खात्रीचा उपचार' वगैरे घोषवाक्ये बादच. पण नाव म्हणजे पूर्ण नाव. आणि इथे दोघे गप्प झाले. शेवटी लेक म्हणाली, "काका, नुसती पहिली नावे लिहिली तर? आडनाव वाचून काही माणसे पायरीवरूनच मागे फिरतात."

आपल्या वाचकांना याचा अर्थ फोडून सांगायला नको. घर भाड्याने शोधताना आपण सर्वांनीच तो अनुभवला आहे. तिचे वडील मात्र कोपऱ्यातून म्हणाले, "मी गिरणीत पाळ्या केल्या, त्या या नावावर पगार घेऊन. ते पाटीवरच राहील." बराच वेळ कोणी बोलले नाही. आम्ही नियम पुढे केला. परिषदेच्या दाखल्यावर जे नाव तेच पाटीवर आणि तेच औषधाच्या चिठ्ठीवर हवे, नाहीतर ओळखच पटत नाही. पण खरे सांगायचे तर निकाल नियमाने लागला नाही, वडिलांच्या वाक्याने लागला.

राहिला क्रम. सासरकडून मुलाचे नाव आधी हवे होते आणि तिचे 'सौ.' लावून खाली. आम्ही दोघांचे दाखले मागितले. तिची नोंदणी आधीची. कचेरीत ज्येष्ठता यादी अशीच लागते, असे म्हटल्यावर सासरेही हसले. दोन्ही नावे एकाच मापाच्या अक्षरांत, 'सौ.' वगळून, आधी तिचे.

पाटी रंगवणाऱ्याने शेवटी मोठा लाल क्रॉस काढायला ब्रश उचलला. त्याला थांबवावे लागले. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे रेडक्रॉसचे संरक्षित चिन्ह आहे. 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्या जागी त्याने लिंबाची डहाळी काढली. अक्षरे मराठीत, देवनागरीत. 2022 पासून राज्यात छोट्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक आहे आणि दुसऱ्या भाषेची अक्षरे मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. इथे दुसरी भाषा घातलीच नाही.

दवाखाना सुरू होऊन आता काही महिने झाले. परवा लातूरला गेलो तेव्हा लिंबाखाली एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पाटी वाचता का, असे आम्ही विचारले. "मला कुठं वाचता येतंय बाबा," त्या म्हणाल्या, "लिंबाखाली पोरगी बसती म्हणून सांगितलं, आले." पायरीवरून कोणी मागे फिरले का, हे आम्ही लेकीला विचारले. "दोघे फिरले," ती म्हणाली, "त्यांतला एक तिसऱ्या दिवशी लेकराला ताप आला म्हणून परत आला." आणि ती पुढच्या रुग्णाला हाक मारायला वळली.