रंकाळ्यावर केंदाळ फुलण्याआधी या!

रंकाळ्याच्या कठड्याला टेकून खाली बघा. पाण्याच्या कडेला, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत, निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या गर्दीत हिरव्या पानांचे लहान लहान झुबके तरंगताना दिसतील. देठ फुगीर, पान गुळगुळीत, खाली काळपट मुळ्यांची झालर. आज ते ओंजळीत मावतील एवढे आहेत. हेच आपलं जुनं दुखणं, केंदाळ.

थंडीत ते हळू वाढतं, म्हणून आपल्याला त्याची भीती वाटत नाही. ऊन तापलं आणि पाण्यात सांडपाण्याचं खत मिसळलेलं असलं, की साधारण दोन आठवड्यांत ते दुप्पट होतं. हिशेब करून पाहू. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका कोपऱ्यात दहा रोपं राहिली, तर मेअखेरपर्यंत ती आठ वेळा दुप्पट होतात. म्हणजे अडीच हजारांच्या वर! जे काम आज दोन माणसं एका घमेल्यात उरकतील, त्यालाच पावसाच्या तोंडावर यंत्र, नाव आणि डंपर लागतो.

म्हणून आपण आत्ता जमतो आहोत. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेसहा वाजता, रंकाळा टॉवरच्या पायथ्याशी. नऊ वाजता काम थांबेल.

घाई करायला आणखी एक कारण आहे. केंदाळाला सुंदर जांभळा तुरा येतो. तुरा सुकला की त्याचा दांडा वाकून पाण्यात जातो आणि बी तळाच्या गाळात पडतं. ते तिथे पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं. फुलण्याआधी काढलेलं रोप तिथेच संपतं, फुलल्यावर काढलेलं मात्र आपल्या मुलांसाठीही काम ठेवून जातं.

केंदाळाचा थर जमला की खालच्या पाण्यापर्यंत ऊन पोचत नाही आणि वारा लागत नाही. मेलेली पानं तळाशी कुजतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात. मग पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात. ही धोक्याची पहिली खूण. अख्खा रंकाळा हिरवा पडलेला आणि त्याच्या वासाने फिरायला येणाऱ्यांनी पाठ फिरवलेली आपण पाहिली आहे. संध्यामठाच्या बाजूने दिसणारं मोकळं पाणी ही आपल्या गावाची रोजची श्रीमंती आहे. ती पुन्हा झाकली जाऊ द्यायची नाही.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू. आपण चार गट करू. आल्यावर ज्याला जे झेपेल ते त्याने निवडावं.

पहिला गट ओढणाऱ्यांचा. हे लोक पायऱ्यांवर उभे राहून लांब दांड्याच्या दाताळ्याने किंवा आकडीने केंदाळ काठाशी आणतील. एक नियम सगळ्यांनी पाळायचा: रोप तोडायचं नाही, मुळासकट उचलायचं. रोपांना जोडणाऱ्या आडव्या देठाचा तुकडा पाण्यात राहिला, तर त्यालाच नवी रोपं फुटतात. रोपं पसरून तरंगत असतील, तर दोघांनी दोन टोकांनी जाड दोर धरून तो पाण्यावरून कडेकडे ओढावा, म्हणजे झुबके एका जागी गोळा होतात.

दुसरा गट साखळीचा. पायरीपासून वरच्या मोकळ्या जागेपर्यंत हातोहात घमेली सरकवायची. केंदाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून ओली पाटी जड लागते. पाटी अर्धीच भरा, कमरेला त्रास देऊ नका.

तिसरा गट निवड करणाऱ्यांचा. आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं इथे हवीत. प्लॅस्टिक एका पोत्यात, निर्माल्य दुसऱ्यात, काच आणि धातू बादलीत. काच मुलांच्या हाती द्यायची नाही, ती मोठ्यांनी चिमट्याने उचलायची.

चौथा गट ढिगाऱ्याचा. काढलेलं केंदाळ पाण्यापासून लांब, उतार पाण्याकडे नसेल अशा जागी पातळ पसरायचं. मोहिमा फसतात त्या बहुतेक वेळा इथेच. काठावरच ढीग लावला की पहिल्या पावसात तो परत तळ्यात जातो, नाहीतर कुजून त्याचा रस पाण्यात उतरतो आणि उरलेल्या रोपांना खत मिळतं. चार-पाच दिवस उन्हात वाळलं की ढीग पार हलका होतो आणि गाडीच्या फेऱ्या वाचतात. त्याचं कंपोस्ट होऊ शकतं, पण सांडपाण्यातलं केंदाळ जड धातू शोषून घेतं. त्यामुळे ते खत शोभेच्या झाडांनाच घालावं, भाजीपाल्याला नको.

हातमोज्यांबद्दल थोडं सविस्तर. स्वयंपाकघरातले पातळ मोजे फुटक्या बाटलीपुढे टिकत नाहीत. आत सुती मोजा आणि वर कोपरापर्यंत येणारा जाड रबरी मोजा असा जोड उत्तम. आपल्या मापाचा जोड घरून आणा, सैल मोज्यात पाणी शिरतं आणि पकड सुटते. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी टॉवरपाशी काही जोड ठेवू. पायात गमबूट किंवा बंद बूट हवेत, चप्पल नको. शेवाळलेल्या पायरीवर चप्पल घसरतेच.

हाता-पायावर उघडी जखम असेल, तर त्या दिवशी निवडीच्या गटातही येऊ नका, नोंदी ठेवायला या. घाणेरड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार जखमेवाटे शिरतो. काम संपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना तळ्यात काम केल्याचं आवर्जून सांगा.

केंदाळात दिवड हमखास बसलेली असते. ती बिनविषारी आहे, पण चावते. म्हणून झुबका आधी आकडीने हलवायचा, मगच हात घालायचा. साप कोणता ते ओळखता येत नसेल, तर त्याला वाट द्या. आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कुणीही उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. खोल पाण्यातलं काम नावाड्यांचं आहे.

एका रविवारी रंकाळा कायमचा स्वच्छ होणार नाही. केंदाळ पोसतं ते नाल्यातून येणाऱ्या सांडपाण्यावर, आणि ते पाणी अडवून शुद्ध करणं आपल्या हातमोज्यांच्या आवाक्यातलं नाही. पण ते कुठून आणि कधी येतं, हे काठावर रोज फिरणाऱ्या आपल्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. म्हणून नोंदी ठेवणारे लोक जागा, वेळ, पाण्याचा रंग आणि फेस लिहून घेतील, फोटो काढतील. ती वही आपण महापालिकेकडे देऊ. नुसत्या तक्रारीपेक्षा तारीखवार नोंदीवर काम होण्याची शक्यता जास्त.

केंदाळ दोन आठवड्यांत दुप्पट होतं, म्हणून आपणही दर दोन आठवड्यांनी जमू. त्याच वेळी, त्याच जागी, पावसाळ्यापर्यंत. प्रत्येक वेळी सगळ्यांनीच यायला हवं असं नाही. एका तालमीने, एका मंडळाने, एका शाळेच्या वर्गाने आपापला रविवार आणि काठाचा आपापला तुकडा वाटून घेतला, की कुणावरच भार येत नाही. आपल्या गल्लीत आजच विचारा, नावं लिहून घ्या, मोजे मोजून ठेवा. रविवारी साडेसहाला, टॉवरपाशी, वेळेवर या.