‘चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’

एका वाचक भगिनीने तिच्या शौहरची दोन पत्रे पाठवून विचारले आहे, "सर, यातल्या कोणत्या पत्रावर विश्वास ठेवू?" नाव-गाव वगळून ती पत्रे वाचकांसमोर ठेवतो. तिची परवानगी आहे.

हकिकत अशी. टेम्पोचे हप्ते थकले, म्हणून शौहरने तिला न विचारता तिच्या महरच्या बांगड्या गहाण ठेवल्या. तिने जाब विचारला, तेव्हा सासूसमोर तो तिच्यावर ओरडला. ती दोन मुलांना घेऊन माहेरी आली. तलाकचा शब्द कोणी काढलेला नाही. म्हणजे निकाह कायम आहे, फक्त घर दोन ठिकाणी झाले आहे.

पहिले पत्र दहाव्या दिवशी आले. "परिस्थितीमुळे बांगड्या गहाण ठेवाव्या लागल्या. रागात आवाज चढला. तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर. मुलांसाठी परत ये."

मी भाषेचा शिक्षक. वर्गात ‘काच फुटली’ आणि ‘मी काच फोडली’ यांतला फरक शिकवताना मुले लगेच हसतात, कारण काच आपोआप फुटत नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते. या पत्रात तसेच झाले आहे. बांगड्या ‘ठेवाव्या लागल्या’, आवाज ‘चढला’. करणारा कुठे दिसतच नाही. ‘वाईट वाटलं असेल तर’ या शब्दांनी दोष तिच्या मनावर टाकला, आणि परत येण्याचे ओझे मुलांच्या नावाने तिच्याच डोक्यावर दिले. उर्दूत ‘ग़लती हो गई’ म्हणतात, तेही याच जातीचे.

दुसरे पत्र एक महिना उलटल्यावर आले. "तुझ्या महरच्या बांगड्या मी तुला न विचारता गहाण ठेवल्या. त्या तुझ्या होत्या, माझ्या नव्हत्या. अम्मीसमोर मी तुझ्यावर ओरडलो. अम्मीला मी सांगितलं आहे की चूक माझी होती. चारपैकी एक बांगडी सोडवून तुझ्या अब्बांकडे दिली आहे. बाकीच्या तीन ईदपर्यंत सोडवतो. तुझी तयारी असेल तर बोलू. तू म्हणशील तिथे येईन. नाही म्हणालीस तरी मुलांचा खर्च दर महिन्याला पोहोचेल."

इथे प्रत्येक वाक्यात करणारा आहे. कुरआनात सूरह निसाच्या चौथ्या आयतीत महर बायकांना खुशीने द्या, आणि त्यांनी आपल्या राजीखुशीने त्यातले काही सोडले तरच ते घ्या, असे आहे. शौहरने हा हक्क आपल्या शब्दांत कबूल केला. ज्या अम्मीसमोर अपमान केला, तिच्यासमोरच चूक मान्य केली. उत्तर येण्याआधी एक बांगडी परत केली आणि पुढची मुदत स्वतःवर घेतली, तिच्यावर नाही. ‘नाही’ म्हणण्याची वाटही मोकळी ठेवली.

म्हणून भगिनीला माझा सल्ला: दुसऱ्या पत्राला उत्तर द्या, पण ते उत्तर ‘येते’ असे नको. बोलायची तयारी आणि परत जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे लिहिले तरी पुरे: "तुमचं पत्र मिळालं. बोलायला तयार आहे. पुढच्या इतवारी मामूंच्या घरी या. तुमच्याकडून एक आणि माझ्याकडून एक बुजुर्ग बसतील."

दोन्हीकडचा एकेक माणूस बसवण्याची ही रीत सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीतली आहे. माणूस निवडताना इतके पाहा की तो गुपित ठेवणारा आणि आपल्याच माणसाला ‘तू चुकलास’ म्हणू शकणारा असावा. बैठकीत तीनच गोष्टी ठरवा: बांगड्या कधी मिळणार, हप्ता पुन्हा थकला तर घरात आधी कोणाशी बोलायचे, आणि सासूसमोर भांडण निघाले तर काय करायचे. जुने सगळे हिशेब त्या दिवशी उकरू नका.

पत्र खरे होते की नाही, हे त्या बैठकीत बरेचसे कळेल. बुजुर्गांसमोरही तो ‘मी ठेवल्या’ म्हणतो का, की पुन्हा ‘ठेवाव्या लागल्या’वर येतो, तिकडे कान द्या. ईदची मुदत पाळतो का, ते पाहा. बोलणी मोडताच मुलांचा खर्च थांबला, तर ती जबाबदारी नव्हती, सौदा होता.

एक मर्यादा मात्र ध्यानात असू द्या. जिथे मारहाण झाली आहे, तिथे कितीही चांगले पत्र आले तरी एकटीने भेटायला जाऊ नये. आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावे. आणि तलाकचा शब्द एकदाही उच्चारला गेला असेल, तर इद्दतची मुदत चालू असते. तिथे पत्राच्या उत्तराआधी जाणकार आलिमांना तारखेसह सर्व सांगून विचारावे.

आणि भावांनो, असे पत्र लिहायला बसलात तर लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यात ‘मी’ कुठे आहे ते शोधा. सापडला नाही, तर ते पत्र अजून पाठवू नका.