चुकांची वही

देवळी येथील एका जुन्या आडत पेढीतील दिवाणजी सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर नुकतेच निवृत्त झाले. वर्धा-यवतमाळ मार्गावरील हे गाव कापसाच्या मुलखातील. त्यामुळे निरोपाच्या छोटेखानी समारंभास आडते, दलाल, जिनिंगवाले, हमाल असे सर्वच जमले होते. शाल-श्रीफळ झाले, गौरवपर भाषणे झाली. उत्तरादाखल दिवाणजी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात लाल कापडी बांधणीची एक जुनी वही होती. ते म्हणाले, “आपण सर्वांनी माझ्या सचोटीचे कौतुक केले. या वहीत मात्र माझ्या चुका आहेत. आज त्यांच्याविषयी बोलावे असे वाटते.”

पहिली नोंद त्यांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षातील होती. सायंकाळी रोकड मोजली, ती रोजमेळापेक्षा २,७०० रुपयांनी कमी भरली. त्या काळी ही रक्कम त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी होती. त्यांच्या हाताला कंप सुटला. उद्या चोरीचा आळ येणार, या विचाराने तेच ते आकडे ते चार वेळा मोजत राहिले. मोठे शेठजी समोरच बसलेले होते. त्यांनी खिशातून पैसे काढून तूट भरून दिली नाही आणि रागही केला नाही. ते एवढेच म्हणाले, “आधी पाणी प्या. मग तुटीला नवाने भागून पाहा.”

२,७०० ला नवाने भागले की ३०० येतात. बाकी उरत नाही. लगतच्या दोन अंकांची अदलाबदल झाली, तर पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. भागाकार ३०० आला, याचा अर्थ ज्या रकमेत हजाराच्या आणि शेकड्याच्या अंकांत तीनचे अंतर आहे, तीच प्रथम शोधावी. अर्ध्या तासात नोंद सापडली. एका शेतकऱ्यास ६,३०० रुपये दिले होते आणि नावे लिहिले होते ३,६००. भागाकार नेटका आला नसता, तर दुसरी पायरी तुटीची निमपट करण्याची होती. कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली, तर फरक दुप्पट दिसतो. तेथेही काही हाती लागले नसते, तरच नोटांची बंडले पुन्हा सोडायची होती.

दिवाणजी म्हणाले, “त्या रात्री मी हिशेबाची युक्ती शिकलो, असे मला वाटले. पुढे कळले की मी दुसरेच काही शिकलो होतो. पुढच्या वेळी तूट आली, तेव्हा हात कापले नाहीत. कारण पहिले पाऊल कोठे टाकायचे, ते हातांना ठाऊक होते. भीती गेली नव्हती. तिला काम मिळाले होते, एवढेच.”

दुसरी नोंद अधिक महाग होती. १९७२ साली राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खासगी कापूस खरेदी बंद झाली. पेढीने धान्य आणि तुरीच्या आडतीवर दिवस काढले. सुमारे तीन दशकांनंतर खासगी खरेदीची वाट पुन्हा मोकळी झाली, तेव्हा गादीवर पैसा होता, उत्साह होता. परंतु कापूस ओळखणारे जुने हात उरले नव्हते. पहिल्या वेचणीचा शंभर क्विंटल कापूस दिवाणजींनी चांगला पांढरा पाहून घेतला. त्यात चौदा टक्के ओलावा होता. गंजीत तो वाळून आठ टक्क्यांवर आला, तेव्हा वजन भरले साडेत्र्याण्णव क्विंटल. हिशेब सरळ आहे : शंभरात कोरडा माल शहाऐंशीच होता, आणि शहाऐंशीला ०.९२ ने भागले की हाच आकडा येतो. साडेसहा क्विंटल पाण्याचे पैसे कापसाच्या भावाने दिले गेले होते. दोन हजारांच्या त्या वेळच्या भावाने तेरा हजार रुपये बुडाले. शिवाय गंजीचा गाभा तापून काही रुई पिवळी पडली, ते वेगळेच.

या नोंदीखाली त्यांनी खुणा लिहून ठेवल्या होत्या. मूठभर कापूस दाबून सोडावा. कोरडा असेल तर तो लगेच फुलतो, ओला असेल तर गोळा होऊन राहतो. सरकी दाताखाली धरावी. वाळलेली कटकन फुटते, ओली चेपते. ढिगाच्या वरच्या थरावर विश्वास न ठेवता कोपरापर्यंत हात आत घालावा. पुढे ओलावा मोजण्याचे यंत्र आले. तरीही दिवाणजींनी मूठ दाबणे सोडले नाही. ते म्हणाले, “तीस वर्षे कापसात चूक करण्याची संधीच मिळाली नाही, म्हणून चूक ओळखण्याचा हातही गेला. सावरण्याचेही तसेच आहे. वापरात नसले की जाते.”

या विचारास अभ्यासाचाही काही आधार आहे. अमेरिकेतील बफेलो येथील मानसशास्त्रज्ञ मार्क सीरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आयुष्यात थोडेफार आघात सोसलेली माणसे मुळीच आघात न सोसलेल्यांपेक्षा मनाने अधिक सुस्थितीत आढळली. मात्र ज्यांच्या वाट्यास फार आघात आले, त्यांची अवस्था बिकट होती. ही केवळ पाहणी असल्याने तीवरून कारण सिद्ध होत नाही. परंतु मात्रेचा मुद्दा ध्यानात घेण्याजोगा आहे.

दिवाणजींनीही तो आपल्या शब्दांत मांडला. “ठेच वेगळी आणि दरड वेगळी. एकाधिकार योजना आली, तेव्हा काही पेढ्या कायमच्या बसल्या. त्यांच्यात धीर नव्हता, असे म्हणणे हा अन्याय होईल. तेथे भांडवल आणि आधार हवा होता. माणूस झोपत नसेल, जेवत नसेल, वही उघडायलाच भीत असेल, तर त्याला एकटे सोडून ‘शीक’ म्हणू नये. पण ज्या ठेचेची भरपाई होऊ शकते, जिचे कारण सापडू शकते आणि जिच्या वेळी कोणी समोर बसलेले आहे, ती ठेच त्याच्या पायालाच लागू द्यावी.”

येथे सभेत थोडी चुळबुळ झाली. कारण हे बोलणे कोणाकडे वळत आहे, ते अनेकांनी ओळखले. गेल्या हंगामात शेठजींच्या धाकट्या चिरंजिवांनी हरभरा भाववाढीच्या आशेने धरून ठेवला आणि भाव उतरले. शेठजींनी तो तोटा कोणास न सांगता स्वतःच्या खात्यातून भरला. वहीत त्याची नोंद नाही, घरात त्याची चर्चा नाही. तेव्हापासून चिरंजीव गादीवर बसलेले नाहीत.

दिवाणजी शेठजींकडे वळले. “शेठजी, लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. आपल्या वडिलांनी माझे २,७०० भरले असते, तर मी दुसऱ्या दिवशी कामावर आलो नसतो. माझी तूट झाकली गेली असती. मला मात्र आयुष्यभर वाटले असते की ती मला सापडण्याजोगी नव्हती.”

शेठजी काही बोलले नाहीत. दिवाणजींनी वही धाकट्या चिरंजिवांच्या हाती दिली. प्रत्येक नोंदीचे चारच रकाने होते : काय झाले, किती गेले, पहिली खूण कोणती दिसली होती, पुढच्या वेळी आधी काय करायचे. शेवटची पंधरा-वीस पाने कोरी होती.

समारंभ आटोपला, मंडळी चहाकडे वळली. चिरंजीव गादीच्या कडेला बसून वही चाळत होते. थोड्या वेळाने त्यांनी शेठजींना विचारले, “बाबूजी, हरभऱ्यात नेमके किती गेले होते?”

शेठजी क्षणभर थांबले. मग त्यांनी आकडा सांगितला.