सही नको, काम द्या
इंटर्नशिपला जाणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांचा जाहीरनामा

ऑफिसात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्यापैकी अनेकांना हे वाक्य ऐकायला मिळतं : ‘तू कशाला रोज धडपडत येतेस? सर्टिफिकेटवर सही करून देतो.’ बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. बहुतेकदा तो भला माणूस असतो, चहाही पाजतो. पण त्या सहीनं आमचं शिकणं तिथंच संपतं. कागदावर आम्ही ‘अनुभवी’ होतो आणि पुढच्या मुलाखतीत पहिल्या प्रश्नाला गप्प बसतो.

म्हणून आम्ही जाहीर करतो की, फुकटची सही हा सोय नाकारल्याचाच प्रकार आम्ही मानू. आम्हाला काम कमी करून नको आहे. ते करता येईल अशी खुर्ची, वेळेची मांडणी आणि वाट हवी आहे, आणि ती रुजू होण्याआधी कागदावर हवी आहे.

आधीच का, याचं उत्तर कायद्याच्या रचनेत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे. वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच, असं त्याच्या व्याख्येतच म्हटलं आहे. कलम १६ शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करायला सांगतं. कलम २० सरकारी आस्थापनांना कर्मचाऱ्यासाठी तेच सांगतं. इंटर्न मात्र दोहोंच्या मधे लोंबकळतो. कॉलेज म्हणतं, ‘तुम्ही आता त्यांच्याकडे आहात’. ऑफिस म्हणतं, ‘तुम्ही आमचे कर्मचारी नाही.’ कलम ३ मधली भेदभावाची मनाई सर्वसाधारण आहे आणि आमचा दावा तिच्यावरच उभा आहे. पण खासगी ऑफिसच्या दारात उभं राहून तो वसूल करणं सोपं नाही, हे आम्ही लपवत नाही. राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांनी शिफारस केली, तर संबंधित प्राधिकरणानं काय कारवाई केली ते कळवायला कायदा तीन महिने देतो. आमची इंटर्नशिप तोवर केव्हाच आटोपलेली असते. तक्रारीचा रस्ता आम्ही सोडणार नाही, पण त्याच्या भरवशावर उद्या सकाळी खुर्ची मिळत नाही.

नुसतं तत्त्व सांगून भागत नाही, म्हणून आमच्या बैठकीत एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहिलं. नाशिकमध्ये एम. कॉम. करणारी एक मुलगी घ्या. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. कोपराला आधार देणाऱ्या कुबड्या घेऊन ती चालते, पाय लवकर आखडतात आणि उजव्या हातानं टायपिंग हळू होतं. तिला सीएच्या ऑफिसात इंटर्नशिप मिळाली आहे. ऑफिस तळमजल्यावर आहे, माणसं आठ-दहा.

पहिला प्रश्न खुर्चीचा. अशा ऑफिसात इंटर्नला जी जागा उरलेली असते ती मिळते : फाइलींच्या रॅकशेजारी, टेबलाखाली जुन्या व्हाउचरचे गठ्ठे, आणि खुर्ची चाकं लावलेली, फिरती. या मुलीला नेमकी तीच खुर्ची धोक्याची. उठताना ती एका हातानं खुर्चीवर भार देते आणि दुसऱ्यानं कुबडी उचलते. त्या क्षणी खुर्ची मागे सरकली की ती पडते. तिला चार स्थिर पायांची, दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची हवी. बैठकीची उंची अशी की तळवे पूर्ण जमिनीला टेकावेत. ते लोंबकळत राहिले की पाय जास्त आखडतात, आणि दुपारनंतर तिचं लक्ष कामाऐवजी पायांवर जातं. टेबलाखालची जागा मोकळी हवी आणि कुबड्या हाताच्या अंतरावर टेकवता याव्यात. रॅकला टेकवलेल्या कुबड्या कोणीतरी ‘मधे येतात’ म्हणून उचलून कोपऱ्यात ठेवतो आणि मग तिला पाणी प्यायला उठायचं तरी कोणाला तरी हाक मारावी लागते. शौचालयापर्यंतची वाटही तिनं आधी एकदा चालून बघायला हवी. फरशी ओली असते का, दार आत उघडतं की बाहेर, हे ऐकून कळत नाही.

आता गंमत बघा. हवी ती खुर्ची बहुतेक ऑफिसांत असतेच. साहेबांच्या टेबलासमोर, अशिलांसाठी ठेवलेली. ती आत आणायला एक पैसा लागत नाही. ती तिला लागते आहे, एवढंच कोणाला ठाऊक नसतं. तिनं सांगितलेलं नसतं, कारण आधी सांगितलं तर निवडच रद्द होईल ही धास्ती. ही धास्ती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच आमचा आग्रह आहे की लागणाऱ्या सोयी सांगणारं पत्र निवड झाल्यावर आणि रुजू होण्यापूर्वी जावं. ते कॉलेजच्या इंटर्नशिप समन्वयकांच्या सहीनं जावं, एकट्या विद्यार्थ्याच्या नव्हे.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि इथं आमच्याच डोक्यात गोंधळ असतो. परीक्षेत लेखनिकासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. आपण तोच हिशेब ऑफिसात घेऊन जातो. ऑफिसात तो लागू पडत नाही. परीक्षेला एक घंटा असते, ऑफिसच्या कामाला अनेक तारखा असतात. त्यांतल्या काही साहेबांच्या हातात असतात, काही नसतात.

त्या मुलीचं काम आहे खरेदीची बिलं जीएसटीशी जुळवून पाहण्याचं. पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून बनणारं जीएसटीआर-२बी हे विवरण महिन्याच्या १४ तारखेला येतं, आणि दरमहा विवरण भरणाऱ्या अशिलाचं जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत जावं लागतं. मधले पाच-सहा दिवस ऑफिस अक्षरशः उकळत असतं. ‘मला २५ पर्यंत वेळ द्या’ असं तिथं मागता येत नाही. ती तारीख साहेबांची नाही, सरकारची आहे, आणि उशीर झाला तर विलंब शुल्क आणि व्याज अशिलाच्या माथी. अशी मागणी केली की समोरच्याला वाटतं, हिला कामच कळलेलं नाही. आणि त्यात त्याचं चुकत नाही.

मग मागायचं काय? काम उलट्या बाजूनं सुरू करायचं. बिलं महिनाभर येतच असतात, त्यांना १४ तारखेची वाट बघायची गरज नसते. १ ते १३ या काळात तिनं खरेदीचं रजिस्टर टॅलीत पक्कं करून ठेवायचं : प्रत्येक बिलाचा क्रमांक, तारीख, पुरवठादाराचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक, कराची रक्कम. १४ नंतर तिच्याकडे फक्त न जुळलेल्या नोंदी उरतात. त्यांत डोकं जास्त लागतं, बोटं कमी. बिल २बीमध्ये नाहीच, की क्रमांकातला एक आकडा चुकलाय, की पुरवठादारानं पुढच्या महिन्यात दाखवलंय, हे शोधणं म्हणजेच तर शिकणं. जादा वेळ तिला मिळाला, पण शेवटच्या तारखेनंतर नव्हे, आधी. त्यासाठी ऑफिसनं एकच करायचं : बिलांचा गठ्ठा महिनाअखेरीस एकदम न देता दर आठवड्याला द्यायचा.

जादा वेळेचा एक भाग मात्र ऑफिसच्या हातात नसतोच. आमच्याकडे चार श्रेयांकांच्या ओजेटीला साधारण १२० तास भरावे लागतात. रोज सहा तास बसणाऱ्याचे ते २० दिवसांत होतात. ही मुलगी चार तासच नीट बसू शकते, तिला ३० दिवस लागतील. तास तेवढेच, काम तेवढंच, फक्त दिवस दहा जास्त. पण कॉलेजनं तोंडी परीक्षेची तारीख २० दिवसांच्या हिशेबानं ठरवलेली असते. मग मुलगी सहा तास बसायचा प्रयत्न करते, दुसऱ्या आठवड्यात आजारी पडते, आणि शेवटी तो भला माणूस सही देतो. खापर ऑफिसवर फुटतं, पण अडलेलं असतं कॉलेजच्या वेळापत्रकात. त्यामुळे दिवस वाढवून मागण्याचं पत्र ऑफिसला नव्हे, विभागप्रमुखांना जायला हवं, आणि तेही सत्राच्या सुरुवातीला.

ऑफिसला जाणारं पत्र असं असावं, असं आमच्या बैठकीत ठरलं :

‘आदरणीय सर, मी आपल्याकडे १२० तासांची इंटर्नशिप करणार आहे. मी कुबड्या घेऊन चालते. कामासाठी मला पुढील गोष्टी लागतील : स्थिर पायांची, हातांची खुर्ची, टेबलाखाली मोकळी जागा, पाऊण तासानं पाच मिनिटं उभं राहण्याची मोकळीक, रोज चार तास, असे ३० दिवस. बिलं दर आठवड्याला मिळाल्यास मी रजिस्टर १३ तारखेपर्यंत पूर्ण ठेवीन. गोदामातल्या मालमोजणीला मला फार वेळ उभं राहता येणार नाही. तिथं याद्या जुळवण्याचं काम मी करू शकेन. पहिल्या आठवड्याच्या शेवटी आपण दहा मिनिटं बसून काय जमलं, काय नाही ते पाहावं, ही विनंती.’

यात आजाराचं नाव नाही. ऑफिसला निदानाशी कर्तव्य नसतं, कामाशी असतं. कोणी प्रमाणपत्र मागितलं तर यूडीआयडी कार्ड दाखवावं, आईवडिलांनी जपून ठेवलेली दवाखान्याची फाइल नव्हे. शेवटची ओळ तर मुळीच गाळू नये. पहिल्या पत्रातले सगळे अंदाज बरोबर येत नाहीत. पाऊण तास जास्त वाटेल, खिडकीचं ऊन पडद्यावर येईल. बसण्याची तारीख आधी ठरलेली असली, की बदल मागणं ही तक्रार ठरत नाही.

नकारही येतील. दुसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या सहा माणसांच्या ऑफिसनं लिफ्ट बसवावी असं आम्ही म्हणणार नाही. अवाजवी बोजा पडू नये अशी मर्यादा कायद्यातच आहे. पण ‘मग घरूनच कर’ हे त्याचं आपोआप निघणारं उत्तर नव्हे. घरून काम चालेल, पण रोज ठरलेल्या वेळी फोनवर शिकवणारं कोणी असेल आणि टॅलीचा डेटा खरोखर मिळणार असेल तरच. नाहीतर ती सहीच, फक्त कुरिअरनं आलेली. मोठ्या कंपनीत गेलात तर समान संधी धोरणाची प्रत मागा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात सोयीसुविधा आणि संपर्क अधिकारी यांची तरतूद असायला हवी, असं २०१७ चे नियम सांगतात. इंटर्नचा उल्लेख त्यात बहुधा नसेल. तरी कोणाला भेटायचं ते नाव मिळतं.

आमच्यातले काहीजण विचारतात, ‘माझं अपंगत्व ४० टक्क्यांच्या खाली आहे, मी मागू शकतो का?’ आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे. वाजवी सोयीला ती लावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात स्पष्ट केलं. तिथं प्रश्न लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक देण्याचा होता. हळू वाचणारा, कमी ऐकू येणारा, टक्केवारीच्या खालचा प्रत्येकजण या चळवळीत आहे.

चळवळीला नाव अजून नाही; त्यावर वाद चालू आहेत आणि चालू देत. काम मात्र ठरलं आहे. पुढच्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही आपापल्या कॉलेजांच्या समन्वयकांना भेटून दोन गोष्टी मागू. इंटर्नशिपच्या करारपत्रात ‘विद्यार्थ्याला लागणाऱ्या सोयी’ असा रकाना असावा आणि तो कॉलेज, ऑफिस व विद्यार्थी या तिघांच्या सह्यांच्या वर असावा. आणि जिथं तास तेवढेच ठेवून दिवस वाढवायचे असतील, तिथं तोंडी परीक्षेची दुसरी तारीख आधीच जाहीर व्हावी. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागू. ही उत्तरं आम्ही कॉलेजवार एकत्र ठेवणार आहोत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलामुलींना कुठं काय मागून मिळालं आणि कुठं कोणत्या कारणानं नाही मिळालं, ते अर्ज भरण्याआधी वाचता येईल.